चोवीस डेसिबल हवे होते, पावणेचारही मिळाले नाहीत : एडीसीच्या बिटांचा हिशेब

इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन पुण्यातल्या एका लहान कंपनीत लागले, तेव्हा मला मिळालेलं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे यंत्रांची कंपनं मोजणारा एक बोर्ड सुधारणं. बोर्डवर मायक्रोकंट्रोलरमधलाच 12 बिटांचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा भाग, होता आणि त्याची मोजपट्टी 0 ते 3.3 व्होल्टची. सिग्नल-टू-नॉइज रेशो, म्हणजे एसएनआर, 53.5 डेसिबलच्या आसपास येत होता. एसएनआर किमान 70 हवा, असं सांगितलं होतं.

माझ्या डोक्यात सूत्र पक्कं होतं: `SNR = 6.02 N + 1.76`. बिट 12 चे 16 केले की चार बिट वाढले, म्हणजे 24 डेसिबल वाढले. मी 16 बिटांचा एडीसी मागवला, नवा बोर्ड करून घेतला, मोजलं. एसएनआर आला 57.2. वाढ झाली ती 3.7 डेसिबलची.

ते सूत्र चुकीचं नाही. ते कशाविषयी बोलतं आणि कशाविषयी गप्प राहतं, हे मी कधी तपासलं नव्हतं. या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांनी बोर्ड मागवण्याआधी ते तपासावं, म्हणून हे सगळं आकड्यांसकट लिहिते आहे.

सुरुवात पायरीपासून करू. 12 बिटांत 4096 पायऱ्या बसतात. 3.3 व्होल्टला 4096 नं भागलं की एक पायरी 0.806 मिलिव्होल्टची होते. सिग्नल दोन पायऱ्यांच्या मध्ये कुठेही असला तरी एडीसी त्याला जवळच्या पायरीवर नेऊन बसवतो. त्यामुळे होणारी चूक जास्तीत जास्त अर्ध्या पायरीइतकी असते, कधी वर तर कधी खाली. हीच क्वांटायझेशनची चूक.

दुकानदार बिल जवळच्या रुपयात करतो तसंच हे. कधी तीस पैसे त्याचे जातात, कधी वीस तुमचे. बिलातले पैसे शून्य ते नव्व्याण्णवमध्ये सारखेच विखुरलेले असतील तर चूकही उणे पन्नास ते अधिक पन्नास पैशांत सारखीच विखुरते. तिची सरासरी शून्य येते, पण वर्गाची सरासरी शून्य येत नाही. शून्यापासून a पर्यंत सारख्या पसरलेल्या आकड्यांच्या वर्गांची सरासरी a²/3 असते. इथे a म्हणजे अर्धी पायरी. पायरीला Δ म्हटलं तर (Δ/2)² भागिले 3, म्हणजे Δ²/12. पुस्तकातला 12 इथून येतो, त्याचा 12 बिटांशी काही संबंध नाही (हा गोंधळ माझ्या ओळखीच्या निदान दोघांचा झालेला आहे). वर्गमूळ घेतलं की चुकीचं आरएमएस मूल्य Δ/√12 मिळतं. रुपयाच्या बिलात ते साधारण 29 पैसे आणि आमच्या बोर्डवर 0.233 मिलिव्होल्ट.

आता एक बिट वाढवा. पायऱ्या दुप्पट झाल्या, प्रत्येक पायरी निम्मी झाली. पायरी निम्मी म्हणजे चूक निम्मी, आणि चुकीची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती चौथाई. सिग्नल जागच्या जागी आहे. म्हणून सिग्नल आणि नॉइज यांच्या शक्तींचं गुणोत्तर चौपट झालं, आणि डेसिबलमध्ये चौपट म्हणजे 10·log10(4) = 6.02. एवढीच गोष्ट आहे. उरलेले 1.76 सूत्रात गृहीत धरलेल्या साइन वेव्हच्या आकारातून येतात. पूर्ण मोजपट्टी भरणाऱ्या साइनची शक्ती काढून तिला Δ²/12 नं भागलं की 1.5 गुणिले 2²ᴺ उरतं, आणि त्या दीडचे डेसिबल 1.76 होतात. साइनच्या जागी दुसऱ्या आकाराचा सिग्नल घेतलात तर हा आकडा बदलेल, पण दर बिटाला सहा हे तसंच राहील.

या मांडणीत एक गृहीतक मुकाट्यानं आत आलेलं आहे: चूक सगळीकडे सारखी पसरते आणि तिचा सिग्नलशी मेळ नसतो. बेल लॅब्जमधल्या डब्ल्यू. आर. बेनेट यांनी 1948 मध्ये क्वांटाइज केलेल्या सिग्नलांचा स्पेक्ट्रम तपासला होता. पायऱ्या भरपूर असतील आणि सिग्नल त्यांच्यावरून मनमोकळा फिरत असेल, तर हे गृहीतक चांगलं टिकतं. ते कधी मोडतं हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर हा एवढासा प्रोग्रॅम चालवा:

```python
import numpy as np
M, k = 4096, 127
t = np.arange(M)
for N in (8, 10, 12):
    d = 2 / 2**N
    x = (1 - d) * np.sin(2*np.pi*k*t/M)
    e = d*np.round(x/d) - x
    print(N, 10*np.log10(np.mean(x**2)/np.mean(e**2)))
```

8, 10 आणि 12 बिटांना सूत्र सांगतं 49.9, 62.0 आणि 74.0. तुमचे आकडे त्यांच्या अगदी जवळ येतील. आता फक्त `k` चं मूल्य 127 ऐवजी 1024 करा. एसएनआर दोनशे डेसिबलच्याही वर जाईल. असला 8 बिटांचा एडीसी जगात कुठेच नाही. झालं काय, तर 4096 सॅम्पलमध्ये 1024 आवर्तनं म्हणजे एका आवर्तनात फक्त चार सॅम्पल: शून्य, शिखर, शून्य, तळ. या चारही जागा नेमक्या पायऱ्यांवर पडतात, त्यामुळे चूकच होत नाही. दुकानातल्या प्रत्येक वस्तूची किंमत पूर्ण रुपयात असावी तसं. प्रत्यक्ष बोर्डवर इतकं टोक येत नाही, पण चाचणीची वारंवारता आणि सॅम्पलिंगचा दर यांचं गुणोत्तर सोपं असलं की तीच ती चूक पुन्हा पुन्हा येते. मग स्पेक्ट्रममध्ये नॉइज सगळीकडे पसरण्याऐवजी हार्मोनिक्सवर ढीग होऊन बसतो, आणि तुम्ही अँप्लिफायरमधला दोष शोधत दिवस घालवता. म्हणून आवर्तनांची संख्या पूर्णांक ठेवायची, पण ती विषम ठेवायची. सॅम्पलची संख्या दोनाचा घात असते, त्यामुळे विषम संख्येशी तिचा सामाईक विभाजक उरत नाही आणि प्रत्येक सॅम्पल लाटेच्या वेगळ्या जागी पडतो. 127 मी त्यासाठीच घेतला.

आता माझ्या बोर्डकडे परत येते. पहिली गोष्ट जी मी पाहिलीच नव्हती: सूत्रातला सिग्नल पूर्ण मोजपट्टी भरतो. आमच्या सेन्सरचा सिग्नल शिखरापासून तळापर्यंत 412 मिलिव्होल्ट होता, म्हणजे 3.3 व्होल्टचा आठवा भाग. 4096 पायऱ्यांपैकी जेमतेम 512 वापरात होत्या. आठ म्हणजे दोनाचा तिसरा घात, तेव्हा तीन बिट सुरुवातीलाच गेले. तीन बिटांचे 18 डेसिबल. 74 मधून 18 गेले की 56 उरतात, आणि 12 बिटांच्या बोर्डवर त्याहून जास्त येणंच शक्य नव्हतं.

मग 56 च्या जागी 53.5 का? कारण क्वांटायझेशनखेरीज दुसराही नॉइज होता. तो शोधण्यासाठी मी आधी 12 बिटांच्या बोर्डचं इनपुट एका स्थिर व्होल्टेजला बांधून पाहिलं होतं. आकडा बहुतेक वेळ एकच यायचा, क्वचित शेजारचा. अ‍ॅनालॉग बाजू शांत आहे असं मी वहीत लिहून टाकलं. हीच खरी चूक होती. 0.2 मिलिव्होल्टचा नॉइज 0.8 मिलिव्होल्टच्या पायरीवर दिसणार कसा? पायरीच्या पाव भागाइतकी हालचाल पायरीच्या पोटातच राहते.

16 बिटांच्या बोर्डवर पायरी 0.05 मिलिव्होल्टची झाली आणि तीच चाचणी पुन्हा केल्यावर चित्र बदललं. आकडे पंचवीसेक पायऱ्यांच्या पट्ट्यात घंटेच्या आकारात पसरले होते, आरएमएस साधारण चार पायऱ्या. चार गुणिले 0.05 म्हणजे 0.2 मिलिव्होल्ट. हा नॉइज स्विचिंग सप्लायमधून एडीसीच्या इनपुटपाशी येत होता, दोन्ही बोर्डांवर तेवढाच.

नॉइजची बेरीज वर्गांनी होते. 12 बिटांत 0.233 आणि 0.2 मिळून 0.307 मिलिव्होल्ट. 16 बिटांत क्वांटायझेशनचा वाटा 0.0145 पर्यंत उतरला, पण 0.2 जागचा हलला नाही, म्हणून एकूण 0.2005. 0.307 वरून 0.2005 म्हणजे 3.7 डेसिबल. वहीतला हिशेब आणि मोजलेला आकडा जुळला तेव्हा मला हायसं वाटलं. दर बिटाला सहा डेसिबल हे फक्त क्वांटायझेशनच्या नॉइजला मिळतात. तो एकूण नॉइजमधला मोठा वाटेकरी असेल तोवरच ते एसएनआरमध्ये दिसतात.

टीममधल्या सरांना हा कागद दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "नॉइज एडीसीच्या तोंडाशी येतोय ना? मग सिग्नल त्याच्या आधीच मोठा का नाही करत?"

जुन्या, 12 बिटांच्याच बोर्डवर सेन्सर आणि एडीसीच्या मध्ये सातपट वाढवणारा ऑप-अँप बसवला. सिग्नल 2.88 व्होल्ट झाला, मोजपट्टीत थोडी मोकळी जागाही राहिली, आणि नॉइज होता तितकाच, 0.307. सातपट म्हणजे 16.9 डेसिबल. 53.5 चे 70.4 झाले. 16 बिटांच्या महागड्या बोर्डपेक्षा 13 डेसिबल जास्त. हा उपाय लागू पडला कारण नॉइज अँप्लिफायरच्या नंतर शिरत होता. तो सेन्सरमधूनच सिग्नलसोबत आला असता तर सातपट तोही झाला असता आणि एसएनआर फारसा हलला नसता. म्हणून सेन्सर काढून, अँप्लिफायरचं इनपुट बांधून, मग थेट एडीसीचं इनपुट बांधून, अशी टप्प्याटप्प्यानं मोजणी करा. नॉइज कुठल्या टप्प्यावर कमी होतो ते पाहिलं की तो कुठून येतो ते कळतं.

तेव्हापासून कुठल्याही एडीसीच्या डेटाशीटमध्ये मी बिटांच्या आधी `ENOB`, म्हणजे प्रत्यक्षात उपयोगी पडणाऱ्या बिटांचा आकडा, शोधते. मोजलेल्या SINAD वरून तेच सूत्र उलटं चालवलं की तो निघतो: `ENOB = (SINAD − 1.76) / 6.02`. SINAD मध्ये नॉइजसोबत विकृतीही धरलेली असते. विकृती बाजूला ठेवून, फक्त नॉइज धरून, आमच्या 16 बिटांच्या बोर्डला मी हे लावून पाहिलं. पूर्ण मोजपट्टी भरली असती तरी 0.2 मिलिव्होल्टच्या नॉइजवर 75.3 डेसिबल मिळाले असते, म्हणजे 12.2 बिट. उरलेले पावणेचार बिट फक्त सप्लायचा नॉइज बारकाईनं मोजत होते.