दहा प्रेस नोट, दहा वेगळ्या बातम्या

शाळा, मंडळं, पतसंस्था यांच्या प्रेस नोट बातमीसाठी एकामागून एक पुन्हा लिहिल्या की पाचव्या-सहाव्या नोटपासून सगळ्यांचा सूर एक होतो. ‘मान्यवरांच्या उपस्थितीत उत्साहात संपन्न’ हे सगळीकडे उमटतं, कारण नुकतंच लिहिलेलं वाक्य हाताशी तयार असतं. शिवाय ‘भाषा नीट’ करताना सगळ्यात आधी कापला जातो तो वेगळा, जरा अडचणीचा तपशील.

म्हणून:

१. लिहिण्याआधी मूळ नोटमध्ये एकच गोष्ट अधोरेखित करा, जी गठ्ठ्यातल्या दुसऱ्या कुठल्याही नोटमध्ये बसणार नाही. वृक्षारोपणाच्या नोटमध्ये तिसऱ्या पानावर कुठेतरी असतं : करंजाच्या रोपांना पाणी घालायची पाळी सातवीच्या मुलांनी वाटून घेतली.

२. बातमी तिथूनच सुरू करा. ‘करंजाची रोपं जगवायची जबाबदारी सातवीच्या मुलांनी घेतली आहे.’ अध्यक्ष, प्रमुख पाहुणे मागाहून येऊ देत, त्यांना घाई नसते (असली तरी).

३. एकाच प्रकारच्या दोन नोट लागोपाठ घेऊ नका. मध्ये निधनवार्ता किंवा बाजारभाव घ्या.

४. शेवटी सगळ्या बातम्यांची फक्त पहिली वाक्यं एकाखाली एक चिकटवून वाचा. गावाचं नाव झाकूनही बातमी ओळखू आली पाहिजे. नाही आली, तर तेवढंच वाक्य बदला.

‘संपन्न’च्या जागी ‘पार पडला’ घालून काही होत नाही, साचा तोच राहतो. आणि वेगळेपणासाठी नोटमध्ये नसलेला तपशील मात्र घालू नका. हवा असेल तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारा.