वहीतल्या रेटलिस्टची पीडीएफ करताना या चुका टाळा: पाइप-फिटिंगच्या दुकानातली गोष्ट

बार्शीत अण्णांचं पाइप-फिटिंगचं दुकान आहे. रेटलिस्ट लाल कापडी बांधणीच्या वहीत, त्यावर पेन्सिलने खाडाखोड. प्लंबर साइटवरून फोन करतात, "अण्णा, पाऊण इंची एल्बो काय भाव?" आणि अण्णा गिऱ्हाईक सोडून वही चाळतात. एकदा त्यांनी ठरवलं की लिस्ट पीडीएफ करून सगळ्यांना व्हॉट्सअपवर टाकायची. दुकानात जुना लॅपटॉप होता, त्यात एक्सेल होतं. शिकवायला कुणी नव्हतं.

सुरुवात त्यांनी बहुतेक जण करतात तशीच केली. वहीच्या पानांचे फोटो काढले आणि मोबाइलच्या अ‍ॅपमधून एक पीडीएफ बनवली. दिसायला पीडीएफ, पण आत नुसती चित्रं. फाइल जड, पेन्सिलचे आकडे पुसट, आणि "एल्बो" शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही. ओळखायची सोपी खूण आहे: पीडीएफ उघडून एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला नाही तर तो बहुधा फोटोच आहे. आजकाल काही फोन फोटोतली अक्षरंही ओळखतात, पण हस्ताक्षर आणि खाडाखोड असली की त्यांच्यावर विसंबू नये.

मग डीटीपीवाल्याकडून लिस्ट टाइप करून घेतली. छपाई सुरेख. पण त्याने जुन्या पद्धतीचा मराठी फाँट वापरला होता, ज्यात मराठी अक्षरामागे प्रत्यक्षात इंग्रजी अक्षर असतं. पीडीएफमध्ये दिसतं नीट, शोध मात्र लागत नाही, आणि मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरांचा कचरा मिळतो. दर बदलायचा तर पुन्हा त्याच्याकडेच जा. टायपिंग युनिकोडमध्येच हवं, म्हणजे मोबाइलवर आपण मराठी लिहितो तसं. विंडोजमध्ये निर्मला यूआय हा फाँट असतो, तो पुरेसा आहे.

अखेर अण्णा स्वतः एक्सेलमध्ये बसले, आणि खरी गंमत इथेच झाली.

माप लिहिलं, तारीख उमटली

वहीत एक ओळ अशी होती: "एल्बो, अर्धा १२, पाऊण १८, एक ३०". अण्णांनी ती तीन ओळींत फोडली, हे बरोबरच केलं. एक वस्तू, एक माप, एक दर, एक ओळ. पण मापाच्या रकान्यात त्यांनी `1/2` लिहून एंटर मारलं आणि तिथे `01-Feb` आलं. `3/4` लिहिलं तर `03-Apr`. अर्ध्या इंचाचा फेब्रुवारी झाला, पाऊण इंचाचा एप्रिल.

एक्सेलला तिरकी रेघ दिसली की ते दिवस आणि महिना समजतं. अण्णांनी मग रकाना निवडून त्याचा प्रकार `Text` केला. तेव्हा आणखी वाईट झालं: एल्बोचं माप `45689` दिसू लागलं. ते २०२५ साल होतं, आणि एक्सेल आतमध्ये तारीख दिवसांच्या क्रमांकाने साठवतं. १ फेब्रुवारी २०२५ चा क्रमांक हाच. म्हणजे लिहिलेलं `1/2` केव्हाच पुसलं गेलेलं असतं, प्रकार बदलून ते परत येत नाही.

उपाय एवढाच, की रकाना आधी `Text` करायचा आणि मग माप भरायचं. भरून झालं असेल तर रकाना `Text` करून मापं पुन्हा टाइप करावी लागतात. दोन-चारच मापं असतील तर आधी एकेरी अवतरण टाका: `'1/2`. ते छापलं जात नाही.

अण्णांनी शेवटी वेगळीच वाट काढली आणि मला ती जास्त आवडली. मापाचे दोन रकाने केले. एकात प्लंबर बोलतात तसं अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, दोन. दुसऱ्यात मिलिमीटर: 15, 20, 25, 32, 40, 50. मिलिमीटर हा साधा आकडा असल्यामुळे क्रमवारी लावली की मापं लहान-मोठी नीट लागतात. नुसत्या मजकुरावर क्रमवारी लावली असती तर पाऊण आणि सव्वा हे दोनच्याही खाली गेले असते.

एकक हा रकानाही ठेवाच. वहीत "पाइप ३/४" एवढंच होतं, कारण दर तीन मीटरच्या नगाचा हे अण्णांना पाठ होतं. लिस्ट वाचणाऱ्याला ते कसं कळणार? तो फुटाचा दर समजेल आणि काउंटरवर वाद होईल. दरात जीएसटी धरला आहे की वेगळा, हेही वर एका ओळीत लिहा.

पानावर मावत नाही

ओळी झाल्या २४० च्या आसपास. पहिली पीडीएफ काढली तर दराचा रकाना तुटून वेगळ्या पानांवर गेला. म्हणजे आधी पाच पानं वस्तूंची, मग पाच पानं नुसत्या आकड्यांची. अण्णांनी `Fit Sheet on One Page` दाबलं. सगळं एका पानावर आलं खरं, पण अक्षर पाचव्या हिश्शाएवढं झालं. ११ पॉइंटचा फाँट सुमारे दोन पॉइंटवर आला. मोबाइलवर मोठं करून करून बोटं दुखतात, आणि छापलं तर भिंगच लागेल.

हवं असतं ते रुंदी एका पानाची आणि लांबी हवी तेवढी. `Page Layout` मध्ये हे असं लावा:

```
Size: A4
Width: 1 page
Height: Automatic
Print Titles > Rows to repeat at top: $1:$1
```

शेवटची ओळ बरेच जण विसरतात. तिच्यामुळे "वस्तू, माप, मिमी, एकक, दर" ही पहिली ओळ प्रत्येक पानावर येते. ती नसेल तर चौथ्या पानावरचा ४० हा दर की मिलिमीटर, हे वाचणाऱ्याने ओळखत बसायचं. वर दुकानाचं नाव आणि जीएसटीची ओळ घातली असेल, तर रकान्यांची नावं असलेली ओळ ज्या क्रमांकावर आहे तो लिहा.

पीडीएफ करण्याआधी रकान्यांवरून एक नजर फिरवा. कुठे `####` दिसलं तर रकाना आकड्यासाठी अरुंद आहे. पीडीएफमध्येही ते तसंच छापलं जातं. रकान्यांमधल्या रेघेवर दोनदा क्लिक केलं की रुंदी आपोआप जुळते. मग `File > Export > Create PDF/XPS`.

खरेदीचा रकाना

अण्णांनी दराशेजारी स्वतःच्या सोयीसाठी खरेदीचा भाव ठेवला होता आणि तो रकाना लपवला होता. लपवलेला रकाना पीडीएफमध्ये येत नाही, त्यामुळे पीडीएफ पाठवली तर हरकत नाही. पण एका ठेकेदाराने "एक्सेलच द्या" म्हटलं आणि अण्णा ती पाठवायला निघाले होते. एक्सेलमध्ये लपवलेला रकाना कुणीही उजवं क्लिक करून `Unhide` ने उघडतो, आणि तुमचं मार्जिन त्याच्या हातात. एक्सेल द्यायचीच असेल तर त्याची प्रत करून खरेदीचा रकाना पुसून टाका. पीडीएफमध्ये आकड्यावर पांढरी चौकट ओढणं हाही उपाय नाही. बऱ्याचदा खालचा आकडा कॉपी करता येतो.

जुनी लिस्ट फिरत राहते

फाइलचं नाव आधी `rate list new final.pdf` होतं. पुढच्या महिन्यात दर बदलले आणि दोन्ही फाइली लोकांच्या मोबाइलमध्ये राहिल्या. आता नावात तारीख असते, `ratelist-2025-03-01.pdf`, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी "दर लागू: ०१-०३-२०२५" छापलेलं असतं. तळाची ओळ `Page Setup > Header/Footer` मधून घालता येते, तिथेच पान क्रमांकासाठी `&[Page]` लिहायचं. आता जुनी लिस्ट घेऊन कुणी आलं की अण्णा पानाच्या तळावर बोट ठेवतात आणि नवी फाइल तिथल्या तिथे पाठवतात.