स्टॉक सोल्यूशनच्या गणितात या चुका टाळा

प्रश्न असा घेऊ: पोटॅशियम परमँगनेटचं २०० मि.ली. स्टॉक सोल्यूशन असं बनवायचं आहे, की त्यातले १० मि.ली. घेऊन ५०० मि.ली.पर्यंत विरल केले तर ‘४००० मध्ये १’ तीव्रतेचं द्रावण मिळेल. परमँगनेट किती ग्रॅम लागेल?

उत्तर ०.०५ ग्रॅम आलं असेल, तर तुम्ही २०० ला ४००० ने भागलंत. ही तीव्रता स्टॉकची नाहीच, ती प्रत्यक्ष वापरायच्या शेवटच्या द्रावणाची आहे. म्हणून हे गणित शेवटाकडून मागे सोडवायचं. ४००० मि.ली.मध्ये १ ग्रॅम, तर ५०० मि.ली.मध्ये ०.१२५ ग्रॅम, म्हणजे १२५ मि.ग्रॅ. आता स्वतःला विचारा, हे १२५ मि.ग्रॅ. आले कुठून? पाण्यातून तर नाही. ते सगळे आपण घेतलेल्या १० मि.ली. स्टॉकमधूनच आले. २०० मि.ली.मध्ये असे २० वाटे, म्हणून १२५ × २० = २५०० मि.ग्रॅ. म्हणजेच २.५ ग्रॅम.

C1V1 = C2V2 वापरलं तरी हेच येतं, पण मला हे सूत्र इथे धोक्याचं वाटतं. प्रश्नात तीन आकारमानं आहेत आणि सूत्रात जागा दोनच. ‘४००० मध्ये १’ म्हणजे ०.०२५%, ही झाली C2. V2 मध्ये ५०० ऐवजी २०० टाकलं की स्टॉकची तीव्रता ०.५% येते आणि उत्तर १ ग्रॅम. सूत्रात फक्त १० आणि ५०० जातात. २०० शेवटी, वजन काढताना लागतात.

सूत्र बरोबर मांडलं, तर १० × C1 = ५०० × ०.०२५, म्हणून स्टॉक १.२५%. इथवर येऊन कितीतरी जण ‘१.२५ ग्रॅम’ लिहून मोकळे होतात, आणि ते पाहून खरंच वाईट वाटतं. वजन/आकारमान टक्का म्हणजे १०० मि.ली.मधले ग्रॅम. आपल्याकडे २०० मि.ली. आहेत, म्हणून दुप्पट, २.५ ग्रॅम.

‘५०० मि.ली.पर्यंत’ याचा अर्थ एकूण ५०० मि.ली., ५०० मि.ली. पाणी घालून नव्हे. इथे फरक थोडा दिसतो, पण १० मि.ली.चे ५० मि.ली. करायचे असताना ५० मि.ली. पाणी घातलं, तर एकूण ६० होतात आणि द्रावण हवं त्याच्या पाच-षष्ठांश तीव्रतेचंच बनतं.

१% म्हणजे एका मि.ली.मध्ये १० मि.ग्रॅ. आपला स्टॉक एका मि.ली.मध्ये १२.५ मि.ग्रॅ.चा आहे. तोच आकडा टक्का समजून १२.५% धरला, तर २५ ग्रॅम येतात. ही चूक पदार्थच दाखवून देतो: साध्या तापमानाला १०० मि.ली. पाण्यात परमँगनेट साधारण ६ ग्रॅमच विरघळतं, बाकीचे स्फटिक तळाशी राहतील.