रांग लांबली की बरिस्ता का अडकतो? या चुका टाळा

एकट्याने कॉफी बार सांभाळताना रांग तुंबली की आपण मशीनला दोष देतो. पण बहुतेक वेळा वेळ खातात ती आपली पावलं. मी काम केलेल्या एका छोट्या कॅफेत ग्राइंडर मशीनच्या डावीकडे होता, चोथा झटकायचा नॉकबॉक्स उजव्या टोकाला आणि दुधाचा फ्रीज पाठीमागे. प्रत्येक कपासाठी दोनदा वळायचं आणि ओला चोथा मशीनसमोरून पलीकडे न्यायचा. नॉकबॉक्स ग्राइंडरला खेटून ठेवला आणि दुधाचा कॅन बर्फाच्या डब्यात दूध तापवायच्या स्टीम वाँडखाली आणला, तेव्हा कुठे पाय जागेवर थांबले. चोथा, दळण, पूड दाबायचं टॅम्पिंग, एस्प्रेसोचा शॉट काढायचा ग्रुप, दूध, कप असा कामाचा क्रम एकाच दिशेला सरकायला हवा.

दुसरी चूक यापेक्षा महाग पडते: शॉट पूर्ण होईपर्यंत त्याच्याकडे बघत उभं राहणं. दळण आणि टॅम्पिंगला २० सेकंद, शॉटला २८, दुधाला ३०, ओतायला १५ आणि पुसायला १० धरा. एकामागून एक केलं तर कपाला १०३ सेकंद लागतात. शॉट सुरू करून लगेच दूध धरलं की तीच कॉफी ७५ सेकंदांत तयार होते. दोन कॅपुचिनो एकत्र असतील आणि प्रत्येकीत एकच शॉट असेल, तर दुहेरी बास्केटचा, म्हणजे दोन कपांची पूड मावणाऱ्या चाळणीचा, शॉट दोन कपांत विभागा आणि दुधाच्या मोठ्या जगमध्ये दोघांचं दूध एकदम फेसाळवा. दूध जास्त असल्यामुळे १० सेकंद वाढतात, ओतायला आणखी १० लागतात, तरी ९५ सेकंदांत दोन कप निघतात.

अट एकच, मशीन ठरलेल्या मापावर आपोआप थांबणारं हवं. शॉट हातानेच थांबवावा लागत असेल तर दुधात गुंतलेले असताना तो वाहत राहतो आणि कॉफी पातळ, कडवट लागते. अशा मशीनवर पहिले दिवस तरी शॉट थांबवून मगच दूध घ्या. दोन्ही कपांना एकाच जगमधून ओततानाही फेस एकाच कपात जातो आणि दुसऱ्यात नुसतं गरम दूध उरतं. म्हणून ओतण्यापूर्वी जग गोल फिरवा आणि अर्धं दूध दुसऱ्या जगमध्ये काढून घ्या.

गर्दीत आणखी एक मोह होतो, चार-पाच डोस आधीच दळून ठेवण्याचा. दळलेल्या कॉफीचा वास झपाट्याने उडतो आणि सकाळी नीट चाललेला शॉट दुपारी वेगळा लागतो. उरलेलं दूध पुन्हा तापवलं तर फेस जाडाभरडा येतो, बारीक चकाकी परत येत नाही. ते ओतूनच टाका. त्यापेक्षा आधी करून ठेवण्यासारखं म्हणजे कपांच्या रांगा, झाकणं आणि दोन फडकी: ओलं वाँडसाठी, कोरडं बास्केटसाठी. एकच फडकं दोन्हीकडे वापरलं की बास्केट ओलसर राहते आणि पाणी एका बाजूने पळतं, शॉट वेगात वाहू लागतो तिथे हे कारण आधी तपासा.

पैसे मात्र शॉट चालू असताना घेऊ नका. ऑर्डर ऐकून कपावर लिहा, कप रांगेत ठेवा आणि दर दोन कपांनंतर गल्ल्याकडे वळा.