‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले’: असं पान उघडलं तर या चुका टाळा

सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या अनेकांचं म्हणणं एकच असतं: फोनला व्हायरस लागलाय, फॉरमॅट मारून द्या. बहुतेक वेळा फॉरमॅटची गरजच नसते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात काम करणाऱ्या एका काकांचंच उदाहरण घ्या. फुकट क्रिकेट सामना दाखवणाऱ्या साइटवर त्यांनी ‘प्ले’ दाबलं. आधी एक चौकट आली, ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी Allow दाबा’. त्यांनी दाबलं. मग लाल पान उघडलं, फोन थरथरला, उलटी मोजणी सुरू झाली आणि खाली ‘क्लीनर डाउनलोड करा’ असं बटण आलं. पानावर त्यांच्या फोनचं मॉडेलही लिहिलेलं होतं, त्यामुळे त्यांचा विश्वास बसला.

तो बसायला नको होता. कोणतीही वेबसाइट ब्राउझरमधून तुमचा फोन तपासू शकत नाही. फोनचं मॉडेल ब्राउझरच साइटला कळवतो. अशा पानांवर कधी दिसणारं शहराचं नावही इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून काढलेला अंदाज असतो, म्हणून सोलापुरात बसून मोबाइल डेटा वापरणाऱ्याला कधी ‘मुंबई’ किंवा ‘पुणे’ असंही दिसतं. पानाला एकदा बोट लागलं की थरथरही ते पानच करवू शकतं.

पहिली चूक म्हणजे त्या पानावरचं ‘रद्द करा’ किंवा फुली दाबणं. ती फुली पानावर काढलेलं चित्र असते, तिच्यामागेही डाउनलोडच असू शकतं. मागे जायचं बटणही अनेकदा त्याच पानावर परत आणतं. त्यापेक्षा क्रोमच्या वरच्या पट्टीतल्या, आकडा असलेल्या चौकोनावर टॅप करून तो टॅब बंद करा. पट्टी दिसतच नसेल तर होम स्क्रीनवर या, फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा. फोनच्या सेटिंग्जमध्ये Apps मधून Chrome उघडून Force stop करा. आता क्रोम पुन्हा उघडलं की तो टॅब असेल, पण नेट नसल्यानं पान नव्यानं उतरणार नाही. तेवढ्यात तो बंद करा.

काकांनी टॅब बंद केला होता, तरी दर थोड्या वेळानं ‘बॅटरी खराब होत आहे’, ‘व्हायरस काढा’ अशा सूचना येतच होत्या. “बंद केलं तरी येतंयच की हो!” हेच त्यांचं म्हणणं होतं. इथंच दुसरी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक होते: सूचना थांबत नाहीत म्हणजे व्हायरस आहेच असं समजून माणूस क्लीनर घेतो. खरं कारण होतं सुरुवातीचं ते Allow. त्यानं साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळाली होती, आणि टॅब बंद केल्यानं ती जात नाही.

ओळखायचं कसं? सूचना खाली ओढून बघा. तिच्यावर क्रोमचं चिन्ह आणि एखाद्या अनोळखी साइटचा पत्ता दिसेल. मग क्रोममध्ये तीन ठिपके, Settings, Site settings, Notifications असं जा. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी तिथं असते. अनोळखी नावावर टॅप करून परवानगी बंद करा. काकांच्या फोनमध्ये एवढंच केलं आणि सूचना थांबल्या.

सूचनेवर क्रोमऐवजी दुसऱ्याच ॲपचं नाव असेल, तर मात्र ॲप बसलेलं आहे. एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल, नुसती उतरली असेल आणि उघडली नसेल, तर ती डाउनलोड्समधून काढून टाका, बाकी काही करायला नको. बसवलं असेल तर आधी नेट बंद करा. तिसरी चूक इथं होते: लोक घाईनं Uninstall दाबतात, ते बटण चालत नाही आणि धीर सुटतो. त्या ॲपला Accessibility मध्ये किंवा Device admin apps मध्ये परवानगी दिलेली आहे का ते बघा, आधी ती काढा, मग ॲप काढा. तरीही ॲप आडवं येत असेल तर सेफ मोडमध्ये जा, तिथं बाहेरून घेतलेली ॲप्स चालत नाहीत. बऱ्याच फोनमध्ये पॉवर मेनूतल्या Power off वर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो. नंतर Install unknown apps मध्ये क्रोमची परवानगी बंद करा, नेट लावा आणि प्ले स्टोअरमधल्या Play Protect नं एकदा स्कॅन करून घ्या.

क्लीनर प्ले स्टोअरवरूनच घेतला असेल आणि ‘फ्री ट्रायल’ला होकार दिला असेल, तर ॲप काढून वर्गणी थांबत नाही. ती प्ले स्टोअरमध्ये Payments & subscriptions मध्ये जाऊन वेगळी रद्द करावी लागते.

ते ॲप फोनमध्ये असताना यूपीआय किंवा बँकेचं ॲप वापरलं असेल, तर दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पासवर्ड, पिन बदला. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जायची शक्यता जास्त.