सदर्न आणि नॉर्दर्न ब्लॉट: या चुका टाळा (जेल अल्कलीत बुडवायच्या आधी वाचा)

घोळ नावापासूनच सुरू होतो. सदर्न हे आडनाव आहे, एडविन सदर्नने १९७५ मध्ये डीएनएच्या ब्लॉटची पद्धत छापली म्हणून सदर्न ब्लॉट. ब्लॉट म्हणजे जेलवर लांबीप्रमाणे वेगळे केलेले तुकडे मेम्ब्रेनवर उतरवायचे आणि हव्या तुकड्याला जुळणारा खूण लावलेला प्रोब लावून तो फिल्मवर पट्टा म्हणून बघायचा. दोन वर्षांनी स्टॅनफर्डमध्ये तीच आयडिया आरएनएवर चालवली आणि त्याला गमतीत नॉर्दर्न नाव पडलं, नॉर्दर्न नावाचा कोणी बाबा नाहीये. पण नावं जुळ्या भावांसारखी असल्यामुळे नवीन आलेल्या प्रत्येकाला वाटतं की नॉर्दर्न म्हणजे तेच सगळं, फक्त ट्यूबमध्ये डीएनएऐवजी आरएनए. मग जे व्हायचं तेच होतं.

चूक पहिली: नॉर्दर्नचं जेल अल्कलीत बुडवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण मी ती होताना डोळ्यासमोर पाहिलीये. आमच्या लॅबमध्ये एक मुलगा होता, हुशार, हात चांगला, सदर्न दोन-तीन वेळा नीट केलेलं. त्याला नॉर्दर्न करायचं होतं, आरएनए सुंदर काढलेला, जेलवर २८एस आणि १८एस या रायबोसोमच्या आरएनएचे दोन पट्टे असे स्पष्ट की फोटो भिंतीवर लावावा, वरचा खालच्याच्या साधारण दुप्पट जाड, म्हणजे आरएनए तुटलेला नाही. मी म्हटलं छान, आता ट्रान्सफर लाव, आणि मी घरी गेलो. त्याने भिंतीवर चिकटवलेला सदर्नचा कागद बघितला आणि जेल पाऊण तास अर्धा मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये हलवत ठेवलं. सहा दिवसांनी फिल्म धुतली तर कोरी, अगदी कोरी, डागसुद्धा नाही. आधी प्रोबला शिव्या, मग फिल्मला, मग आरनेझ मारायला डीईपीसी घातलेल्या माझ्या पाण्यावर संशय, आरनेझ म्हणजे आरएनए तोडणारं एन्झाइम. शेवटी मी विचारलं जेल कशात ठेवलं होतंस रे, तेव्हा म्हणाला, "दादा, डिनेचर करायला नको का?"

करायला हवं, पण सदर्नमध्ये. तिथे डीएनए दुपदरी असतो, दोन पदर सुटल्याशिवाय प्रोब बसणार कुठे, म्हणून अल्कली. आरएनए आधीच एकपदरी, त्याच्या फक्त स्वतःतच घड्या पडतात आणि त्या मोडायला फॉर्मामाइडमध्ये ६५ डिग्रीला दहा मिनिटं गरम करायचं, जेलमध्ये फॉर्माल्डिहाइड घालायचं, झालं. वर आरएनएच्या साखरेवर जो जास्तीचा हायड्रॉक्सिल असतो तोच अल्कलीत शेजारच्या फॉस्फेटवर उलटतो आणि साखळी तुटते. डीएनएला तो हायड्रॉक्सिल नाही म्हणून तो मजेत तग धरतो. पाऊण तासात आरएनएचा भुगा झाला आणि तो वाहून गेला. काही प्रोटोकॉलमध्ये लांब आरएनए नीट सरकावा म्हणून अगदी सौम्य अल्कली थोडाच वेळ देतात, पण ज्याला कारण माहीत नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये.

तेव्हापासून माझी सवय: ट्रान्सफर झाला, यूव्हीने चिकटवलं, की मेम्ब्रेन मेथिलीन ब्लूमध्ये टाकायचं. पाच मिनिटांत २८एस आणि १८एस निळे दिसले तर पुढे जा. दिसले नाहीत तर उरलेलं जेल रंगवून बघ. आरएनए जेलमध्येच असेल तर ट्रान्सफर फसला, बुडबुडा असेल, किंवा टिश्यू पेपर कडेने खाली लोंबून बफरला चिकटले असतील आणि ते एसएससी बफर (दहावीची नव्हे) जेलमधून न जाता बाजूने वर चढलं असेल. दोन्हीकडे नसेल तर आरएनएच गेला, प्रोबला दोष देऊ नका. या पाच मिनिटांचा कंटाळा करणारेच नंतर सहा दिवस फुकट घालवतात.

चूक दुसरी: अर्धवट कापलेल्या डीएनएवरून निष्कर्ष काढणं

सिकलसेलचं उदाहरण घेतो, आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोलीत हा आजार आहेच. बीटा ग्लोबिन जीनच्या सहाव्या कोडॉनमध्ये GAG चं GTG होतं. एमएसटी-टू नावाचं एन्झाइम CCTGAGG इथे कापतं, सिकलमध्ये तिथे CCTGTGG होतं म्हणून कापतच नाही. मग जीनच्या सुरुवातीचा प्रोब लावला की नॉर्मल माणसाला १.१५ किलोबेसचा पट्टा, सिकलच्या पेशंटला १.३५ चा, आणि वाहकाला दोन्ही.

आता गंमत बघा. नॉर्मल माणसाचा डीएनए घाईघाईत दोन तासच कापला तर काही तुकडे त्या जागी न कापता राहतात आणि १.३५ चा पट्टा येतो. म्हणजे दोन पट्टे. म्हणजे "वाहक"! एका धडधाकट माणसाला आपल्या आळसापायी वाहक ठरवलं. मी १० मायक्रोग्रॅम डीएनए रात्रभरच कापतो, एन्झाइम दोन हप्त्यांत घालतो, आणि त्याच रिॲक्शनमधला थोडा भाग लॅम्डा डीएनएत मिसळून वेगळा ठेवतो. लॅम्डाचा नेहमीचा पॅटर्न आला नाही तर माझाही डीएनए कापला गेला नाही, सरळ आहे. आणि खात्रीचा नॉर्मल नमुना त्याच जेलवर हवाच, त्यालाही १.३५ दिसला तर अख्खं जेल कचऱ्यात.

चूक तिसरी: एकाला दुसऱ्याचा प्रश्न विचारणं

सिकलचा नॉर्दर्न करून फरक शोधणारे लोक मी पाहिलेत. एक अक्षर बदललंय, आरएनएची लांबी तीच, प्रमाणही जवळपास तेच, दिसणार काय डोंबल? तो प्रश्न सदर्नचा आहे, आणि तोही फक्त त्या बदलाने कापायची जागा गेली म्हणून.

उलटं थॅलेसेमियात. भारतात सगळ्यात जास्त सापडणारा बीटा थॅलेसेमियाचा बदल पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या अक्षरात आहे, त्याचा सदर्न एकदम नॉर्मल दिसतो, जीन जागेवर, तुकडे बरोबर. पण नॉर्दर्नवर बीटाचा पट्टा अल्फा ग्लोबिनच्या मानाने फिका, कारण स्प्लायसिंग बिघडलंय. याउलट सिंधी आणि गुजराती कुटुंबांत आढळणारी ६१९ बेसची डिलिशन सदर्नवरच पकडली जाते, तुकडा तेवढा आखूड येतो. थोडक्यात सदर्न सांगतो जीन आहे का, किती, कशी कापली जाते. ती चालू आहे का हे त्याला माहीतच नसतं.

लांबीचा गोंधळही इथलाच. जीन साधारण १.६ किलोबेस, नॉर्दर्नवरचा पट्टा जेमतेम ०.७. "आरएनए तुटला वाटतं" असं म्हणून परत काढायला बसू नका, मधले दोन इंट्रॉन गेलेत. तुटलेला आरएनए पट्ट्याखाली धुरासारखा पसरतो, नीट पट्टा देत नाही.

आणि नमुना कुठून घेताय ते बघा. सदर्नला पांढऱ्या पेशी लागतात, पिकलेल्या तांबड्या पेशीत न्यूक्लियसच नाही. ग्लोबिनच्या नॉर्दर्नला मात्र पांढऱ्या पेशी निरुपयोगी, त्यांच्यात जीन आहे पण बंद, तिथे रेटिक्युलोसाइट, म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशी हव्यात. एका ताईने पांढऱ्या पेशींचाच आरएनए लावला आणि बीटा दिसत नाही म्हणून आठवडाभर रडत होती.

बाकी किरकोळ:

दुपदरी प्रोब पाच मिनिटं उकळून लगेच बर्फात, टेबलावर गार करायला ठेवला की पदर परत जुळले.

अल्फाचा प्रोब नंतर लावायचा असेल तर मेम्ब्रेन सुकू देऊ नका, सुकला की जुना प्रोब निघत नाही आणि अल्फा-बीटा जवळपास एकाच उंचीला असल्यामुळे कोणता पट्टा कोणाचा ते कळणार नाही.

आणि नॉर्दर्नच्या ट्रेला प्लाझ्मिड काढणाऱ्यांना हात लावू देऊ नका, ते लोक आरनेझ घालूनच काम करतात. माझ्या ट्रेवर लाल टेप आहे, तरी परवा कोणीतरी त्यात जेल रंगवलंच.