सीन आठवतो पण गाणं सापडत नाही? या चुका टाळा

"अमिताभ आहे, मुंबईचा पाऊस आहे, दोघं भिजत फिरतायत, आवाज किशोरचा, साल 73-74 असेल." माझ्या मावसभावाने एवढं सांगून गाणं शोधायला लावलं. आता यातल्या पहिल्या तीन गोष्टी त्याने पडद्यावर बघितल्यात, आवाज रेडिओवर ऐकलाय आणि साल नुसता अंदाज. लोक इथेच फसतात, बघितलेलं, ऐकलेलं आणि वाटलेलं सगळं एकत्र करून सर्च मारतात आणि मग काहीच जुळत नाही म्हणून सोडून देतात.

गाणं होतं 'रिमझिम गिरे सावन', पिक्चर 'मंझिल', 1979, संगीत आर. डी. बर्मन. गंमत अशी की हे गाणं पिक्चरमध्ये दोनदा आहे. किशोरवालं घरातल्या मैफिलीत, अमिताभ पेटी घेऊन बसलाय, पाऊस नाहीच. भर पावसातलं गाणं लताचं आहे. भावाने किशोरचं लावलं, पेटी दिसली आणि "हे नाही रे" म्हणून बंद केलं, म्हणजे गाणं हातात येऊन गेलं बरं का! त्यामुळे बोल जुळतायत पण सीन जुळत नाही असं झालं तर लगेच फुली मारू नका, त्याच नावापुढे पिक्चरचं नाव आणि दुसऱ्या गायकाचं नाव टाकून परत बघा. हॅपी-सॅड किंवा मेल-फीमेल अशी दोन व्हर्जन्स जुन्या पिक्चरमध्ये सर्रास असायची.

पाऊस नीट आठवत असेल तर तोही कामाला येतो. स्टुडिओतला पाऊस मागून लाइट मारल्यामुळे चमकतो, एकेक धार वेगळी दिसते आणि हिरोइनचा चेहरा मात्र मस्त उजळलेला असतो. 'मंझिल'मधला पाऊस खरा आहे, सगळं करडं करडं, रस्त्यावर पाणी, मरीन ड्राइव्हच्या लाटा, मागे डान्सर नाहीत, अमिताभ सूट-टायमध्ये आणि मौशुमी साडीत नुसते चालतायत. म्हणून "पावसाचं गाणं" एवढंच टाकू नका, हजार गाणी येतील, "मरीन ड्राइव्ह, सूट, साडी, पाऊस" असं टाका.

कपड्यांचा रंग तर अजिबात सोडू नका. 'टिप टिप बरसा पानी'चंच बघा, 1994 च्या 'मोहरा'त अक्षय कुमार आणि 2021 च्या 'सूर्यवंशी'तही अक्षयच, आणि दोन्हीकडे उदित नारायण आणि अलका याज्ञिकचेच आवाज! हिरो आणि आवाजावरून काय डोंबल कळणार. पिवळी साडी आणि रवीना आठवली तर 'मोहरा', चंदेरी साडी आणि कतरिना असेल तर नवं.

लग्नाच्या गाण्यांत वेगळीच गडबड. आपण गाणं वरातीत बँडवर ऐकलेलं असतं, मग डोक्यात आपोआप घोडा आणि नवरदेव येऊन बसतो. 'बहारों फूल बरसाओ' (सूरज, 1966) घ्या, बँडवाल्यांचं ठरलेलं गाणं, पण पिक्चरमध्ये राजेंद्रकुमार वैजयंतीमालेसाठी गातोय, वरातीचा पत्ताच नाही. याउलट 'आज मेरे यार की शादी है' (आदमी सडक का, 1977) हे खरोखर लग्नाचंच. तेव्हा आधी स्वतःला विचारा, हा सीन पडद्यावर बघितलाय की चुलतभावाच्या लग्नात?

आता काळ. ब्लॅक अँड व्हाइट म्हणजे पन्नाशीचं दशक असं धरू नका, साठच्या दशकात दोन्ही प्रकार सोबत चालू होते. आणि रंगीत दिसलं म्हणजे नंतरचं असंही नाही, 1957 चा 'नया दौर' 2007 मध्ये रंगवून परत आणला, त्याच्या रंगीत क्लिप्स फिरतात. आवाजावर भरवसा ठेवायचा तरी जपून. रफीसाहेब गेले 1980 ला, पण नंतर शब्बीर कुमार, मोहम्मद अझीझ तसंच गायचे, कुमार सानूवर किशोरची छाप आहेच, म्हणून "रफीचं वाटलं" हा पुरावा नाही.

मला त्यापेक्षा गाडीची नंबरप्लेट जास्त खात्रीची वाटते. एमएच-01 असं दिसलं तर पिक्चर 80 च्या दशकाच्या अगदी शेवटचा किंवा त्यानंतरचा, कारण ही राज्याच्या अक्षरांची पद्धत तेव्हाच आली. एमएमसी, एमआरए अशी जुनी प्लेट असेल तर मात्र जपून, जुन्या गाड्या पुढेही बरीच वर्षं रस्त्यावर होत्या.

एवढं करूनही नाही सापडलं तर साल आणि गायक काढून टाका आणि फक्त हिरो, हिरोइन आणि डोळ्यांनी बघितलेली एक वस्तू टाकून शोधा. भावाच्या केसमध्ये "अमिताभ मौशुमी पाऊस" एवढ्यावर लताचं गाणं पुढ्यात आलं असतं, त्याने किशोर आणि 73 धरून ठेवलं म्हणून अडला.